वरच्यांचं पाणी

एसी बंद होता आणि त्यातून पाणी येत होतं. बंद म्हणजे नुसता रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणापासून बंद. सासूबाईंना गार वारा सोसत नाही, म्हणून त्यांच्या खोलीतला एसी आम्ही लावतच नव्हतो. तरी त्या दुपारी त्याच्या खालच्या कडेवरून थेंब सुटत होते आणि पलंगाच्या उशाशी ठेवलेल्या ऑक्सिजनच्या मशीनवर पडत होते.

आमचं घर पहिल्या मजल्यावर, खाली पार्किंग. पाथर्डी फाट्याच्या बाजूला अशा बिल्डिंगा रांगेने उभ्या आहेत. चार मजले, एका मजल्यावर एक फ्लॅट आणि मागच्या बाजूला पाइपांसाठी सोडलेली चिंचोळी डक्ट. सासूबाई नामपूरच्या, बोलणं अजून अहिराणी. साऱ्या जन्माचा स्वयंपाक त्यांनी चुलीवर केला आणि त्या धुराने फुप्फुसं खाल्ली. दोन वर्षांपासून त्यांच्या नाकात नळी आहे. मशीन विजेवर चालतं, हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून देतं. त्याला पाण्याची एक छोटी बाटली असते, तिच्यात दिवसरात्र बुडबुडे येतात. त्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती की तो थांबला की मला झोपेतूनही जाग यायची.

आणि त्या उन्हाळ्यात तो वरचेवर थांबत होता. दुपारी घरातला मुख्य खटका आपोआप पडायचा. मीटरजवळच्या डब्यात जो ईएलसीबी असतो, वीज कुठे भलतीकडे वाहायला लागली की सगळं तोडून टाकतो, तो. मी धावत जाऊन तो वर करायची, कधी लगेच राहायचा, कधी दोनतीनदा पडून मग राहायचा. आमचे हे म्हणाले, मशीनचा लोड जास्त होतोय. त्याच सकाळी बोलावलेल्या इलेक्ट्रिशियनने डबा उघडून पाहिला, म्हणाला, "हे जुनं झालंय मॅडम, उगाच पडतं. काढून टाकतो, डायरेक्ट जोडून देतो, म्हणजे आजींचं मशीन बंद पडायची भानगडच नको." आम्हाला ते पटलं. खरंच सांगते, मला तर फार पटलं. त्याला तेवढ्यात दुसरं काम निघालं म्हणून तो दुसऱ्या दिवशी यायचा होता.

आता पाइपचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या बिल्डिंगीत एसीच्या पाण्यावरून पूर्वी रोज भांडणं व्हायची. वरच्याचं पाणी खालच्याच्या वाळत टाकलेल्या कपड्यांवर, खालच्याचं गाडीवर, आणि एकदा माझ्या कुरडयांच्या चादरीवर. त्या दिवशी मी गच्चीपर्यंत ऐकू जाईल इतकं बोलले होते. मग तिसऱ्या मजल्यावरच्या चेअरमन काकांनी मीटिंग घेऊन तोडगा काढला. डक्टमधून वरपासून खालपर्यंत एकच पाइप सोडायचा, सगळ्यांच्या एसीची पाण्याची नळी त्याच्यात. पाइप पार्किंगच्या छताला आला की तिथून आडवा जायचा आणि कोपऱ्यातल्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरायचा. कोणाच्या अंगावर थेंब नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

एकच त्रास उरला. पाइप थेट चेंबरात शिरत होता. मध्ये पाणी साठून वास अडवेल असं काहीच नव्हतं, त्यामुळे गटाराचा वास पाइपमधून वर चढून आमच्या एसीतून खोलीत यायचा. सासूबाई पदर नाकाला लावून बसायच्या. मी काकांच्या मागे लागले होते. मग हिवाळा सरता सरता एक दिवस वास आपोआप गेला. कोणी काही केलं नव्हतं. आम्ही खूश. माझा सुगंधी धूप वाचला, आणि मी देवाचे आभार मानले. पाइप पाणी धरून बसलाय आणि म्हणून वास अडलाय, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार?

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात ताक घुसळत होते. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. वरच्या तिन्ही घरांचे एसी घुमत होते, तो आवाज डक्टमधून खाली येतो. सासूबाईंनी आतून हाक मारली.

"काय टपकी ऱ्हायनं वं?"

मला वाटलं मशीनची बाटली गळतेय. तिचं झाकण नीट बसलं नाही की ती गळते. मी हात पुसत गेले. बाटली कोरडी होती, पण मशीनची पाठ ओली होती. जमिनीवर पाणी होतं. मशीनची वायर ज्या एक्स्टेन्शन बोर्डात होती तो बोर्ड त्या पाण्यात अर्धा बुडल्यासारखा पडला होता. मी वर पाहिलं. एसीच्या पाकळ्यांखालून पाणी भिंतीवरून ओघळत होतं, आणि एका कोपऱ्यातून थेंब मोठे होऊन सुटत होते.

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. बोर्डाला हात लावायची छाती होईना. तेवढ्यात खट् झालं, पंखा मंदावला आणि बाटलीतले बुडबुडे थांबले.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या घाबरल्या नव्हत्या, त्यांना फक्त हवा हवी होती. कपाटाशेजारी अडीअडचणीचा छोटा सिलेंडर असतो. त्याची किल्ली घट्ट बसली होती, फडक्यात धरून जोर लावला. शेवटी फिरली. नळी बदलली. बोटाला लावायचं यंत्र लावलं, आकडा नव्वदीच्या खाली होता आणि हळूहळू चढायला लागला. सिलेंडर किती भरलेला आहे ते मी काट्यावर पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. तो संध्याकाळपर्यंत पुरला नसता.

आणि पाणी थांबत नव्हतं. घरातली वीज गेलेली, एसी आधीपासून बंद, तरी ते येतच होतं. मी बादली लावली. बादलीत पडलेल्या पाण्यात काळसर, बुळबुळीत धागे होते, शेवाळासारखे. आमचा एसी महिनोन् महिने चाललाच नव्हता, त्याच्यात पाणी बनणार कुठून? तेव्हा मला कळलं की हे पाणी आमचं नाही. वरच्या तीन एसींचं पाणी त्या एका पाइपमध्ये उतरतंय, खाली जायला त्याला वाट नाही, म्हणून ते पाइपमध्ये चढत चढत सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर पडतंय. सगळ्यात खालचं तोंड म्हणजे आमचा एसी.

आमची नळी पाइपला जिथे जोडली आहे ती जागा डक्टच्या बाहेरच्या भिंतीवर, खिडकीतून हात पोचत नाही. आमच्या बाजूचं तोंड चिंध्यांनी बुजवावं असं एकदा मनात आलं. पण मग ते पाणी आणखी चढून दुसऱ्या मजल्यावर निघालं असतं, आणि तिथे तीन महिन्यांचं बाळ एसीखाली झोपतं. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा पाळणा आला. एकच उपाय होता, वरचे एसी बंद करायचे.

"आई, मी वर जाऊन आले. उठायचं नाही. काहीही झालं तरी उठायचं नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "आठेच शे मी," म्हणजे इथेच आहे, असं म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई दार किलकिलं करून म्हणाली, "काकू, हळू, आत्ताच झोपलाय तो." मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण तिने माझा चेहरा पाहिला आणि आत जाऊन एसी बंद केला. बाळ लगेच रडायला लागलं. ते रडणं ऐकत मी तिसरा मजला चढले.

चेअरमन काकांची दुपारची झोप म्हणजे सरकारी सुट्टी. मी बेल दाबून धरली तेव्हा ते बनियनवर दारात आले. "अहो वहिनी, तुमचा एसी गळतोय तर एसीवाल्याला फोन करा ना. माझा एसी बंद करून तुमचा कसा दुरुस्त होईल?"

"काका, आमचा एसी बंद आहे! तुमचं पाणी आमच्या घरात येतंय. आईंच्या मशीनवर पडतंय."

"असं कसं होईल? पाइप तर खाली जातो."

पाइप खाली जातो हे ते मला इतक्या शांतपणे समजावून सांगायला लागले की मला त्यांना हलवावंसं वाटलं. तेवढ्यात खालून आवाज आला. काहीतरी पडलं होतं, स्टीलचं. मी जिना कशी उतरले मला माहीत नाही. काकांना मागे या म्हणायचीही शुद्ध नव्हती. एवढंच मनात होतं की माझ्या नवऱ्याला काय सांगू.

सासूबाई पॅसेजमध्ये उभ्या होत्या. नाकातली नळी गळ्यात लोंबत होती, सिलेंडरपासून सुटलेली. पाय अनवाणी आणि ओले, साडीचा घोळ ओला. खोलीतलं पाणी दारापर्यंत आलं होतं, आणि त्यातून चालत त्या भिंतीला धरून मीटरच्या डब्यापर्यंत पोचल्या होत्या. वाटेत बादलीला धक्का लागून ती उलटली होती, तोच आवाज. त्यांचा हात खटक्यावर होता.

"आई!" मी ओरडले. त्याच वेळी त्यांनी खटका वर केला.

त्या क्षणाचं काय सांगू? बोर्ड पाण्यात होता, वायर त्यात होती आणि आई त्याच पाण्यात उभ्या होत्या. मला वाटलं, गेलं, सगळं गेलं. खटका वर गेला आणि गेला तसाच खाली आला, खट्. पंखा फिरला नाही, झटका बसला नाही, काहीच नाही. त्या तशाच उभ्या होत्या, धापा टाकत, आणि खटक्याकडे रागाने बघत होत्या.

मी त्यांना धरलं. त्यांचे ओठ निळसर झाले होते. काका मागे पोचले होते, त्यांनी दुसऱ्या बाजूने धरलं आणि आम्ही त्यांना हॉलमधल्या कोरड्या दिवाणावर आणून बसवलं. सिलेंडर ओढत आणला, नळी लावली. आकडा वर येईपर्यंत मी यंत्रावरची नजर काढली नाही. मग सासूबाईच बोलल्या.

"खटका पडेल व्हता, म्हनीसन वर कराले ऊठनू. तुले येळ लागना."

मला उशीर झाला म्हणून त्या माझं काम करायला उठल्या होत्या. मला रडू आलं आणि मी काकांसमोर रडले.

काका जिन्यावरून धावत वर गेले, त्या वयात. त्यांनी आपला आणि चौथ्या मजल्यावरचा एसी बंद करवला. थोड्या वेळाने भिंतीवरचा ओघळ बारीक झाला, मग थेंब, मग तेही थांबले. तोवर मी ह्यांना फोन करून भरलेला सिलेंडर मागवला होता. इलेक्ट्रिशियनलाही फोन केला आणि सांगितलं की खटक्याला बोट लावलंत तर बघा. तो बिचारा काय झालं ते विचारत राहिला. मी त्याला काय सांगणार, मलाच अजून बोलताना दम लागत होता. त्याच्या त्या जुन्या झालेल्या खटक्याने त्या दुपारी माझ्या सासूचा जीव राखला होता.

संध्याकाळी एसीवाला आला. पाइप त्याच्याच माणसांनी टाकला होता. आधी तोही म्हणाला की तुमच्या एसीचा ट्रे तुंबला असेल. मी त्याला बादलीतले धागे दाखवले. मग तो पार्किंगमध्ये उतरला आणि आडव्या पाइपकडे बघत उभा राहिला. ह्यांनी मोबाइलचा दिवा धरला होता. मी सासूबाईंना, बातमी कळून आलेल्या ह्यांच्या बहिणीजवळ ठेवून खाली गेले होते, कारण मला बघायचंच होतं.

आडवा पाइप चेंबरच्या दिशेने सारखा उतरत जायला हवा होता. आमचा पाइप मधेच वर उचललेला होता. छताच्या हुकाला तारेने ताणून बांधला होता. त्यामुळे अलीकडचा भाग झोळीसारखा लोंबत होता आणि त्या झोळीत पाणी कायम साठून राहिलं होतं. चढावर पाणी जात नाही. मागून जोर आला तेवढं थोडं पलीकडे ढकललं जायचं, बाकीचं तिथेच. त्या साठलेल्या पाण्याने गटाराचा वास अडवला होता, आणि त्याच पाण्यात धूळ, पारव्यांची पिसं आणि शेवाळ बसत बसत पाइप गच्च झाला होता. उन्हाळ्यात सगळे एसी एकदम चालू झाले आणि पाण्याने वरची वाट धरली. आधीच्या दुपारी ते थोडं थोडं भिंतीतल्या वायरींपर्यंत झिरपत होतं, म्हणून तो खटका पडत होता.

एसीवाल्याने झोळीखाली पाइप कापला. पाणी धपकन पडलं, आणि मागून काळा लिबलिबीत गोळा आला, मुठीएवढा. सगळे मागे सरले.

"पण ही तार कोणी बांधली?" ह्यांनी विचारलं.

सगळ्यांनी तारेकडे पाहिलं. मग काका म्हणाले, "मी. नवीन गाडीला वर कॅरिअर बसवलं ना, ते पाइपला घासत होतं. दोन इंच वर घेतला फक्त."

त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला ऐकायला पुढे व्हावं लागलं. मी त्यांना खूप बोलणार होते. सगळी वाक्यं तयार होती. पण माझ्या डोळ्यांसमोर तो खटका होता आणि त्याच्यावरचा सुरकुतलेला हात, आणि माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "काका, त्या मेल्या असत्या." काकांनी मान खाली घातली. त्यांच्यावर ओरडले असते तर बरं, असं मला नंतर वाटलं. त्यांनाही वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः उभं राहून काम करून घेतलं. गाडी त्यांनी दुसरीकडे लावली. आडवा पाइप नवा टाकला, हुक जवळजवळ लावून, म्हणजे मध्ये झोळी पडायला नको, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार एकाच बाजूला. शेवट चेंबरमध्ये जोडला नाही. पार्किंगच्या कोपऱ्यात जाळीचं गल्ली ट्रॅप आहे, त्यात नेहमी पाणी असतं म्हणून खालचा वास वर येत नाही. त्या जाळीच्या वर बोटभर अंतर ठेवून पाइपचं तोंड मोकळं सोडलं. काकांनी विचारलं की आडव्या पाइपलाही एक वळण देऊन पाणी धरून ठेवू का, वासाला दुहेरी बंदोबस्त. एसीवाला म्हणाला, "नको. एक ट्रॅप आहे तेवढा पुरे. दोन झाले की मधे हवा अडकते आणि पाणी पुन्हा अडखळतं." जिथे पाइप वळतो तिथे उघडून साफ करता येईल असं झाकण बसवलं. आणि आमची नळी त्या पाइपमधून काढलीच. ती आता आमच्याच बाथरूममध्ये येते, नहाणीच्या जाळीच्या वर उघडी. तिथे दुसऱ्या कोणाचं पाणी येऊ शकत नाही.

मशीनचा एका बाजूचा पत्रा उघडून ते वाळवून तपासून घेतलं, बोर्ड नवा आणला आणि तो भिंतीवर उंच लावला. पलंग एसीखालून हलवला. सगळं झालं. एसीवाल्याने चौथ्या मजल्यावरून बादलीभर पाणी पाइपमध्ये ओतून दाखवलं, खाली जाळीवर स्वच्छ धार पडली आणि पार्किंगमध्ये जमलेल्यांनी हुश्श केलं. मी नाही केलं.

त्या दुपारी वरचे एसी पुन्हा सुरू झाले. डक्टमधून तो घुमणारा आवाज आला आणि मी आईंच्या खोलीत गेले. सासूबाई नव्या जागी पडल्या होत्या, मशीन चालू होतं, बाटलीत बुडबुडे येत होते. मी स्टुलावर चढून एसीच्या खाली हात धरून उभी राहिले. तळवा कोरडा होता. मी तो काढला नाही. आता येईल, आता येईल, असंच वाटत होतं. हात भरून आला तरी तसाच धरला. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटलं सासूबाईंचा डोळा लागलाय.

"हात काढ वं," त्या म्हणाल्या. "मी शे ना आठेच."